कडेची सुरळी

दसरा होऊन चार दिवस झाले होते. जर्मनीहून भाचीचा निरोप आला: ‘मावशी, अकरा फोटो पाठवलेत. जुन्या कपड्यांच्या दुकानात एरमेसचा रुमाल मिळतोय, ६० युरोला. दुकानदार संध्याकाळपर्यंतच राखून ठेवणार आहे. घेऊ का?’

बेज्जूरला आमच्या घरात नेटवर्क खालच्या खोलीत जवळजवळ नसतंच, म्हणून फोन घेऊन गच्चीवर गेले. फोटो एकेक करून उतरत होते. पहिले सहा फोटो लेबल असायला हवं त्या कोपऱ्याचेच होते. लेबल मात्र नव्हतं. भाचीच्या जिवाची घालमेल त्याचीच होती. खोटा असेल म्हणूनच लेबल नसेल, असं तिनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

मला हे फोटो येतात याचं कारण साधं आहे. लग्नाआधी आणि नंतरही मिळून १९ वर्षं मी मुंबईत एका निर्यात कंपनीत माल तपासणीच्या टेबलावर काम केलं. बाहेरच्या मोठमोठ्या नावांचे स्कार्फ आमच्याकडे कडा मारायला आणि शेवटच्या तपासणीला येत. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावर कापड पसरायचं, चारी कडा बोटांतून फिरवायच्या, डाग दिसला की बाजूला ठेवायचं. सासरी बेज्जूरला राहायला आल्यावर ते टेबल सुटलं, पण नातेवाइकांना माझं डोकं ठाऊक होतं. कुणी परदेशात जुना टाय घेतो, कुणाला लग्नात स्कार्फ भेट मिळतो, मग फोटो येतात: ताई, खरा का?

इथं रेशमाला तोटा नाही. बेज्जूर-कौटाळा-चेन्नूर या पट्ट्यात आणि प्रणहिता ओलांडली की गडचिरोलीत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो. सासूबाई विचारतात, घरामागच्या रानात रेशीम असताना तू फोनात कसलं रेशीम शोधतेस? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तरच पुढच्या सगळ्या तपासणीचा पाया आहे. कोशाचा रानटी धागा तुतीच्या रेशमापेक्षा कितीतरी जाड असतो, तपकिरी असतो आणि त्याची जाडी एकसारखी नसते. त्या खडबडीतपणातच कोसा साडीचा डौल आहे. पण त्यावर केसाएवढी बारीक रेघ छापायला गेलात तर रेघ धाग्याच्या उंचसखलपणात तुटते. परदेशी घराण्यांचे छापील रुमाल तुतीच्या रेशमाचे असतात ते यासाठीच. धागा बारीक, पांढरा आणि गुळगुळीत असला तरच छाप धारदार येतो. म्हणून रुमालाची छपाई बघताना मी आधी खालचं कापड बघते.

भाचीला मी लिहिलं, लेबलाचे फोटो पुरेत. आता मी सांगते तसे काढ.

दुकानाच्या काचेजवळ उजेडात जा. फ्लॅश नको. कोणतंही सुधारणारं किंवा गोरं करणारं फिल्टर नको. रुमालाशेजारी एक नाणं ठेव, म्हणजे मला माप कळेल. भारतातलं १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते माझ्या डोळ्यांत बसलेलं आहे. तिच्याकडे होतं एक युरोचं, तेही चालेल. एका कडेचा पुढून एक आणि त्याच जागेचा मागून एक, एका कोपऱ्याचा जवळून, छापलेल्या अक्षरांचा जवळून आणि त्याच अक्षरांचा मागून, एवढे फोटो हवेत. आणि ते फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि मला जे बघायचं असतं ते नेमकं त्या दाबण्यात जातं. टाके म्हणजे नुसती काळपट रेघ होऊन जाते.

नवे फोटो यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर शेजारची अक्का फॉल-पिकोच्या साड्यांचं गाठोडं घेऊन वर आली होती. आमच्या गल्लीत साड्यांना फॉल तीच लावते, सगळा हातानं.

कडेचा पहिला फोटो मोठा करून मी तिच्यापुढे धरला. तिनं बोट न लावता सांगितलं, ‘हे मशीनचं नाही.’

तिनं काय पाहिलं ते सांगते, कारण पिको माहीत असलेल्या प्रत्येकीला ते दिसेल. पिकोत मशीन कडेवर दाट, एकसारखे टाके घालतं. पुढून पाहा, मागून पाहा, दोऱ्याची ओळ सलग दिसते. साध्या मशीनच्या दुमडीतही तेच होतं. कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटरवर एक सरळ शिवण धावते आणि कड पट्टीसारखी चपटी पडते. हाताची कड वेगळी. कारागीर कापडाची कड बोटांत वळवून तिची सुरळी करते, सुरळीच्या वड्यांसारखीच पण काडीएवढी, आणि त्या सुरळीतून सुई काढून खालच्या कापडाचे एक-दोन धागे उचलते. दोरा बहुतेक सुरळीच्या पोटातूनच जातो. वर दिसतात ते फक्त मधूनमधून ठिपके. म्हणून कड भरीव, गोल राहते. नीट जवळून पाहिलं तर टाक्यांतलं अंतरही काटेकोर सारखं नसतं. अक्काला तेच दिसलं: ‘बघा, इथं जरा जवळ, इथं जरा लांब. हात आहे.’

यात एक फरक असा आहे की तो माहीत नसला तर माणूस फसतो. सुरळी कोणत्या बाजूला वळते? फ्रेंच रीतीत ती छापाच्या, म्हणजे पुढच्या बाजूला वळवतात. इटलीत बहुतेकदा मागच्या बाजूला. एरमेसच्या रुमालाची सुरळी पुढे वळलेली असते. म्हणजे एरमेस म्हणून विकल्या जाणाऱ्या रुमालाची कड मागे वळलेली दिसली तर मी थांबते. पण एखाद्या इटालियन घराण्याच्या रुमालाला तेच लक्षण अगदी साजेसं आहे. कड खरी-खोटी नसते, ती त्या घराच्या रीतीशी जुळते किंवा जुळत नाही. काही नामवंत लेबलांच्या स्वस्त स्कार्फला मशीनचीच कड असते आणि ते पूर्णपणे अस्सल असतात.

भाचीच्या रुमालाची कड पुढे वळलेली होती. कडेचा दोरा किनारीच्या रंगाशी मिळणारा होता, आणि तेही महत्त्वाचं. नकलांत बऱ्याचदा सगळ्या रंगांच्या किनारींना पांढरा दोराच घातलेला असतो. एका बाजूला मात्र सुरळी चपटी झालेली होती. भाचीनं तिथं लाल गोल काढून पाठवलं होतं. मी तिला सांगितलं, हे इस्त्रीनं झालंय. कुणीतरी धुतल्यावर कडेवरून गरम इस्त्री फिरवली आहे. चपटी झालेली हाताची सुरळी आणि जन्मतः चपटी मशीनची दुमड यात फरक दिसतो: दाबलेल्या सुरळीला दोन बाजूंना बारीक कंगोरे उरतात आणि टाके तसेच तुटक राहतात. सलग शिवण कुठेच उगवत नाही.

आता हातानं कड मारायला किती वेळ लागतो याचा हिशोब मांडते, कारण खोटा माल नेमका इथं उघडा पडतो. एरमेसचा मुख्य रुमाल ९० सेंटिमीटर चौरस असतो. चार बाजू मिळून ३६० सेंटिमीटर. समजा टाक्यांत सरासरी सहा मिलिमीटर अंतर धरलं तर ६०० टाके झाले. निष्णात हाताला एका रुमालाला अर्धा-पाऊण तास लागतो. आमच्या मुंबईच्या टेबलावरचा अनुभवही साधारण तोच होता. शंभर नकला एका दिवसात काढणाऱ्याला हा अर्धा तास परवडत नाही. म्हणून तो छाप चांगला करतो, खोकं चांगलं करतो, लेबल तर फारच चांगलं करतो, आणि कडेवर हात आखडतो. गेल्या काही वर्षांत मात्र हातानं सुरळी मारलेल्या नकलाही निघू लागल्यात, म्हणून नुसत्या कडेवर निकाल देता येत नाही. कड वाईट असेल तर शंका पक्की होते, कड चांगली असेल तर पुढे बघावं लागतं.

पुढे म्हणजे छपाई. भाचीच्या रुमालावरचं चित्र मला लगेच ओळखू आलं: मधोमध समारंभाच्या घोड्यांचे दोन साजदार लगाम. ‘ब्रीद द गाला’ हे नाव. ह्यूगो ग्रिग्कार या चित्रकारानं ते १९५७मध्ये काढलं. तेव्हापासून ते पुन्हापुन्हा, कितीतरी रंगांत छापलं गेलंय, आणि नकलाही सर्वांत जास्त त्याच्याच. एरमेसचे असे चौकोनी रुमाल सुरू झाले १९३७मध्ये, रोबेर द्युमानं. छपाईची रीत ल्यों शहरातली. चित्रातला प्रत्येक रंग एका वेगळ्या जाळीच्या चौकटीतून कापडावर उतरवायचा, एक चौकट एक रंग. एका रुमालाला पंचवीस-तीस चौकटी लागणं हे तिथं नेहमीचं. चौकट केसभर सरकली तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट पडते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो.

अक्षरांचा जवळचा फोटो मी तीन गोष्टींसाठी मागितला होता. पहिली, चित्राच्या नावाच्या वळणदार अक्षरांतल्या सर्वांत बारीक रेघा सलग आहेत का. संगणकावरून थेट छापलेल्या नकलेत ही रेघ बारीक ठिपक्यांनी बनलेली असते आणि कडा पिसासारख्या विस्कटतात. दुसरी, दोन रंग जिथं भेटतात तिथं फट आहे का. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी, मागची बाजू. चांगल्या चौकट छपाईत रंग कापडात मुरतो. नंतर वाफेनं पक्का होतो. मागून पाहिलं तर चित्र पुढच्या जवळपास तेवढंच स्पष्ट दिसतं, थोडंसं मंद एवढंच. हलक्या नकलेची पाठ मात्र फिकट पडते, वर्तमानपत्राच्या मागून अक्षरं दिसावीत तशी.

भाचीच्या रुमालाची पाठ गडद होती. पण पुढच्या फोटोत लगामांच्या काळ्या रेघांभोवती मला पांढरी झालर दिसली. चौकट सरकलीय का? क्षणभर मीही अडले. मग नाण्याकडे पाहिलं. नाण्याच्या कडेलाही तशीच पांढरी झालर होती, आणि शेजारी ठेवलेल्या काळ्या पेनालाही. फोनच रेघा ‘तीक्ष्ण’ करतो आणि गडद रेघेभोवती उजेडाची पट्टी सोडतो. छपाईचा दोष फक्त छपाईवर दिसतो, फोनचा दोष फोटोतल्या सगळ्या गोष्टींवर दिसतो. नाणं मागायचं हे दुसरं कारण. तिला म्हटलं, एक फोटो जरा लांबून काढ आणि जवळ आणू नकोस, मीच मोठा करीन. त्यात झालर नाहीशी झाली.

त्याच फोटोत कापडाची तिरपी वीण दिसली. एरमेसचे हे रुमाल ट्विल विणीचे असतात, जवळून पाहिलं तर कापडावर बारीक तिरप्या रेघा धावतात. बाजूनं उजेड पडल्यावर रेशीम मऊ उजळतं आणि घडी हलली की चमक सरकते. पॉलिस्टरवर बहुतेकदा एकाच जागी पांढरा लखलखाट साचतो. मात्र फोटोवरून धागा रेशीमच आहे असं ठामपणे सांगता येत नाही, आणि मी सांगतही नाही. जळक्या धाग्याची परीक्षा असते, केस जळाल्याचा वास आणि हातात चुरडणारी राख म्हणजे रेशीम, वितळून टणक गाठ राहिली तर पॉलिस्टर. पण ती कडेतून सुटलेला एखादा धागा मिळाला तरच करायची, आणि फोटोला वास नसतो.

आता लेबल. भाचीनं सहा फोटो काढलेला तो कोपरा मी शेवटी पाहिला. धुण्याच्या सूचनांची शिवलेली पट्टी ही रुमालांना नंतर आलेली रीत आहे. जुन्या रुमालांना ती नसतेच. आणि नव्यांची लोक कापून टाकतात, गळ्याला टोचते म्हणून. आपल्याकडे पोरांच्या शर्टाचं लेबल आईच कापते की. म्हणजे लेबल नसणं हा पुरावाच नव्हे. पण तिच्या फोटोत मला आणखी काही दिसलं. कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर, मागच्या बाजूला, सुरळीला लागून दोन टोचण्याची भोकं होती, एकमेकांपासून साधारण अर्ध्या नाण्याएवढ्या अंतरावर, आणि एका भोकात किनारीपेक्षा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला. तिथं पट्टी होती आणि ती कुणीतरी नखकात्रीनं काढली.

मी लिहिलं: ‘कड जुळते, छाप जुळतो, पाठ जुळते, लेबल काढलेलं आहे. माझा अंदाज खरा असण्याकडे आहे. हातात घेतल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही. ६० युरो बुडाले तरी चालतील असं वाटत असेल तर घे.’ तिनं घेतला.

त्याच आठवड्यात दुसरा फोटो आला, हैदराबादहून, चुलतदिराच्या मुलाचा. ऑनलाइन घेतलेला एका मोठ्या युरोपीय नावाचा टाय, तेरा हजारांना. त्याच्या फोटोंत लेबलच पहिलं होतं, आणि काय सुंदर होतं! विणलेली अक्षरं स्वच्छ, चारी बाजूंनी टाके सरळ, कुठे धागा लोंबत नाही. ‘काकू, हे बघूनच कळतं ना?’ त्यानं लिहिलं होतं.

लेबल बघून कळत नाही, कारण लेबल ही त्या टायमधली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. विणलेल्या पट्ट्या हजारांनी बनतात, शिवायला मिनिट लागतं. मी लेबलात एकच बघते: ते टायच्या अंगाशी कसं जोडलंय. घाईनं केलेल्या टायमध्ये कापडापेक्षा चकचकीत नायलॉनचा दोरा, टोकाला मशीनच्या मागेपुढे केलेल्या टाक्यांची गाठ, आणि पट्टी कापडाला ओढून धरते, त्यामुळे मागच्या कापडावर बारीक सुरकुती पडते. या टायवर ती सुरकुती होती.

पण एवढ्यावरच मी त्याला नाही म्हटलं असतं तर ते अन्यायाचं झालं असतं. मी सांगितलं, टाय बारीक टोकाला धरून लोंबता सोड आणि पूर्ण फोटो काढ.

टायचं कापड आडव्या-उभ्या धाग्यांना ४५ अंशांत, तिरपं कापतात. तसं कापलं की टाय लवचिक राहतो, गाठ घट्ट ओढली तरी पुन्हा सरळ होतो. कापताना कापड वाचवण्यासाठी कोन थोडा चुकवला तर लोंबणारा टाय हळूच एका बाजूला पिळतो. त्याच्या फोटोत टायचं रुंद टोक स्पष्ट वळलेलं होतं, घड्याळाच्या काट्यासारखं, थोडंसं डावीकडे. दुसऱ्या फोटोतही तेच, म्हणजे हात हललेला नव्हता.

मग मागचा सांधा. चांगल्या टायच्या पाठीवर एकच सलग दोरा सैलसर टाक्यांनी धावतो, आणि बारीक टोकाजवळ त्या दोऱ्याचा एक सैल फास सोडलेला असतो, टाय ताणला की तो आत सरकतो. लोक म्हणतात, फास दिसला म्हणजे हातशिलाई. तसं नाही. असे सैल टाके घालणारी मशीन निघून पुष्कळ काळ झाला आणि तिच्या टाक्यांनाही फास येतो. त्यामुळे फास दिसला याला मी फार किंमत देत नाही. पण या टायवर फास नव्हता, सांधा घट्ट, सरळ मशीनच्या शिवणीनं बंद केलेला होता आणि रुंद टोकाजवळ पाठीचे दोन भाग धरून ठेवणारा आडवा जाड टाकाही नव्हता. आतलं अस्तर इतकं पातळ की घडीच्या खुणा पुढून उमटत होत्या. एवढी घट्ट शिवण असलेला टाय चार वेळा बांधला की कुठेतरी दोरा तुटतो, कारण त्याला ताणाला जागाच नाही.

मुलाला राग आला, साहजिक होतं. तेरा हजार ही त्याच्यासाठी लहान रक्कम नव्हती. विक्रेत्याकडे तक्रार करायला त्याला मी दोन्ही लोंबत्या फोटोंची आणि पाठीच्या सांध्याची नक्कल जपून ठेवायला सांगितली, लेबलाच्या नव्हे. आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली: दुसऱ्याला विकून पैसे काढायचा विचार करू नकोस. खोटी नाममुद्रा लावलेला माल विकणं हा १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. त्याला ते माहीत नव्हतं. महिनाभर मागे लागल्यावर त्याचे पैसे परत आले.

भाची संक्रांतीला आली, आणि रुमाल घेऊन आली. तिनं तो माझ्या मांडीवर टाकला तेव्हा आधी मला जाणवलं ते वजन, पातळ पण भरीव. फोनमध्ये हे कधीच दिसत नाही. गच्चीवर उन्हात धरून मी चारी कडा बोटांतून फिरवल्या, मुंबईच्या टेबलावर फिरवायचे तशाच. तिसऱ्या बाजूला कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर सुरळी दोन सेंटिमीटर उसवली होती. फोटोंत ती जागा कुणी टिपलीच नव्हती.

आम्ही तो अक्काकडे नेला. तिनं मिळताजुळता रेशमी दोरा मागितला. कोशाचा धागा तिच्याकडे होता, पण जाड पडला असता, म्हणून साडीच्या पदरातून निघालेला तुतीचा एक पदर तिनं सोडवला. उसवलेली जागा दोन बोटांत ओली करून वळवली, पुढच्या बाजूला, शेजारची सुरळी होती तशीच. सात टाके घातले. मग रुमाल उलटा करून भाचीला म्हणाली, ‘आता माझे कुठले ते सांग.’ भाचीनं दोनदा चूक जागा दाखवली.